टोल्यूइनचे पिंप आणि सोळा विभागांचा कागद

रसायनाच्या प्रत्येक पिंपासोबत पुरवठादाराने एक सुरक्षा माहितीपत्रक द्यायचे असते. कारखान्यांत त्याला अजूनही ‘एमएसडीएस’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पद्धतीनुसार त्याचे सोळा विभाग ठरलेले आहेत. भारतातही १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी असे पत्रक तयार करणे बंधनकारक केले आहे. लहान कारखान्यांत मात्र ते बहुधा तपासणीच्या दिवशी दाखवण्यासाठी फायलीत लावलेले असते. सांड झाली किंवा आग लागली, तर दहा-बारा पानांचा तो कागद वाचायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून तो आधीच, शांतपणे वाचून त्यातून आपल्या खोलीपुरती एक पानाची योजना काढून ठेवावी लागते. ती कशी काढायची हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, चिकटद्रव्य तयार करणारा एक लहान कारखाना आहे. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत मिश्रणाचे काम चालते आणि तेथे टोल्यूइनचे २०० लिटरचे पिंप ठेवलेले आहे. टोल्यूइन हा रंग, शाई, थिनर आणि चिकटद्रव्यांत सर्रास वापरला जाणारा सॉल्व्हंट आहे. त्याचे पत्रक पहिल्या पानापासून क्रमाने वाचण्याची गरज नाही. आधी विभाग २, मग ९ आणि त्यानंतर ५, ६, ८ व ४ असे वाचले, तर योजना आपोआप आकार घेते.

विभाग २ धोके सांगतो. तेथे सांकेतिक क्रमांकांसह छोटी वाक्ये असतात. टोल्यूइनच्या बाबतीत एच २२५ म्हणजे अतिज्वलनशील द्रव व वाफ, एच ३३६ म्हणजे गुंगी किंवा चक्कर येणे आणि एच ३०४ म्हणजे गिळल्यावर द्रव श्वासमार्गात गेल्यास जिवावर बेतणे. एच ३६१ गर्भाला अपाय होण्याची शंका नोंदवतो, तर एच ३७३ दीर्घकाळच्या संपर्काने अवयवांना होणारी हानी सांगतो. आग, गुंगी, फुफ्फुसे आणि रोजच्या वापरातला हळू चढणारा अपाय या चार गोष्टींची उत्तरे आता पुढच्या विभागांत शोधायची असतात.

विभाग ९ मध्ये भौतिक गुणधर्मांचे आकडे असतात. बहुतेक जण तो वगळतात, पण योजनेचा पाया तोच आहे. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे इतक्या तापमानालाही द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ जमते. महाराष्ट्रातल्या कारखान्यात खोलीचे तापमान कधीच इतके खाली जात नाही, त्यामुळे उघडे टोल्यूइन बाराही महिने पेटण्याच्या अवस्थेत असते. वाफेची घनता हवेच्या तिपटीहून थोडी अधिक आहे. त्यामुळे वाफ छताकडे न जाता जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत जाते आणि गटारात साचते. द्रवाची घनता ०.८७ आहे आणि तो पाण्यात जवळजवळ मिसळत नाही, म्हणून पाण्यावर तरंगतो.

हवेत टोल्यूइनची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल, तेव्हा ती पेट घेते. त्याच विभागात बाष्पदाब दिलेला असतो. २० अंशांना तो पाऱ्याचे सुमारे २२ मिलिमीटर आहे. हवेच्या एकूण दाबाने, म्हणजे ७६० ने, त्याला भागले की जवळपास ३ टक्के येतात. बंद पिंपात द्रवाच्या वरच्या रिकाम्या जागेत वाफेचे प्रमाण इतके असते आणि ते बरोबर पेटण्याच्या मर्यादेत बसते. रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा अधिक घातक का ठरते, याचे उत्तर या भागाकारात आहे. तळाशी थोडासा द्रव उरलेल्या ‘रिकाम्या’ पिंपावर गॅसकटर किंवा वेल्डिंग चालवले की स्फोट होतो. म्हणून योजनेची पहिली ओळ अशी: रिकामे पिंप झाकण लावूनच ठेवायचे आणि ते कारखान्यात कापायचे नाही.

आता हे आकडे खोलीला लावून पाहायचे. एक लिटर टोल्यूइनचे पूर्ण बाष्पीभवन झाले, तर साधारण २३० लिटर वाफ होते. उदाहरणातल्या खोलीचे आकारमान ४८ घनमीटर, म्हणजे ४८ हजार लिटर आहे. वाफ हवेत सारखी मिसळली असे धरले, तर सव्वादोन-अडीच लिटर सांडीत संपूर्ण खोली पेटण्याच्या किमान मर्यादेला पोहोचते. प्रत्यक्षात वाफ खाली साचते, त्यामुळे जमिनीजवळ ही मर्यादा खूप आधी ओलांडली जाते.

माणसाला धोका त्याहून लवकर सुरू होतो. विभाग ८ मध्ये हवेतील प्रमाणाच्या मर्यादा असतात. भारतातील कारखानाविषयक अनुसूचीत टोल्यूइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, अशी दिलेली आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस २० पीपीएमची आहे. एकाच पत्रकात असे वेगवेगळे आकडे दिसले, तर कायद्याची मर्यादा पाळायचीच, पण रोजच्या कामाचे लक्ष्य सर्वांत लहान आकड्यावर ठेवावे. ५०० पीपीएमला जिवाला व सुटकेला तातडीचा धोका मानला जातो. उदाहरणातल्या बंद खोलीत फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपभर टोल्यूइन पूर्ण उडाले, तरी प्रमाण ४८० पीपीएमच्या आसपास जाते. वास येतो म्हणजे कळेलच, या समजुतीवर विसंबता येत नाही, कारण थोड्या वेळात नाकाला त्या वासाची सवय होते.

या हिशेबातून सांडीची योजना ठरते. विभाग ६ सांगतो की प्रज्वलनाचे स्रोत दूर करा, द्रव गटारात जाऊ देऊ नका, निष्क्रिय पदार्थात शोषून घ्या. पण किती सांड आपण स्वतः आवरायची आणि कोणत्या क्षणी बाहेर पडायचे, हे पत्रक सांगत नाही, कारण त्याला खोलीचा आकार ठाऊक नसतो. उदाहरणातल्या खोलीसाठी सुरक्षित बाजूने अशी रेघ आखता येईल: अर्ध्या लिटरपर्यंतची सांड, दारे-खिडक्या उघडी असतील आणि एक-दोन मिनिटांत कोरड्या वाळूने पूर्ण झाकता येत असेल, तरच दोन प्रशिक्षित माणसांनी सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज मास्क लावून आवरायची. त्याहून जास्त असेल, तर सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवायचे. कार्ट्रिज मास्क हवेत ऑक्सिजन वाढवत नाही आणि ५०० पीपीएमच्या पुढे तो पुरेसा मानला जात नाही.

सांड होताच एक्झॉस्ट फॅन लावण्याची ऊर्मी येते. फॅन आणि त्याचे बटण फ्लेमप्रूफ नसेल, तर बटण दाबतानाची ठिणगीच आग लावते. खोलीतले कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, वीज बाहेरच्या मुख्य स्विचवरून तोडायची. वाळूची बादली, ठिणगी न उडवणारे फावडे आणि गटाराचे तोंड झाकण्याची चटई खोलीबाहेर, दारापाशी ठेवावी. आत ठेवल्यास ती घेण्यासाठी वाफेतच शिरावे लागते. लाकडाचा भुसा वापरू नये, तो स्वतः जळतो. भिजलेली वाळू झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे द्यायची असते.

विभाग ५ आगीविषयी फेस, कोरडी पावडर किंवा कार्बन डाय-ऑक्साइड सुचवतो आणि पाण्याची थेट धार नको म्हणतो. कारण विभाग ९ मध्ये आधीच आले आहे: टोल्यूइन तरंगते, त्यामुळे पाण्याच्या लोटाबरोबर जळता द्रव खोलीभर पसरतो. पाण्याचा फवारा मात्र शेजारची पिंपे थंड ठेवायला उपयोगी पडतो, पण ते काम अग्निशमन दलाचे. सहा किलोचे पावडरचे अग्निशामक साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपते. तेवढ्यात न विझणारी आग आपली नाही, असे योजनेत स्पष्ट लिहावे. आग लागूच नये यासाठी विभाग ७ अर्थिंग करायला सांगतो. टोल्यूइन वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून ओतताना स्थिर विद्युत साठते. पिंप आणि खालचे धातूचे भांडे तांब्याच्या तारेने एकमेकांना व जमिनीला जोडावे. प्लॅस्टिकच्या बादलीत ओतले, तर हा भार जमिनीत जाऊच शकत नाही.

शरीरसंपर्काच्या योजनेत दोन चुका नेहमी होतात. पहिली हातमोज्यांची. विभाग ८ मध्ये कधी कधी नुसते ‘योग्य हातमोजे वापरा’ असे लिहिलेले असते. प्रयोगशाळेतल्या पातळ नायट्राइल मोज्यातून टोल्यूइन काही मिनिटांतच आरपार जाते, बाहेरून मोजा धड दिसला तरी. व्हिटॉन किंवा अनेक थरांचे लॅमिनेट मोजे अधिक काळ टिकतात. असे अस्पष्ट वाक्य दिसले की पुरवठादाराकडून मोज्याचा पदार्थ आणि किती मिनिटे तो टिकेल, हे लेखी मागवावे.

दुसरी चूक उलटी करवण्याची. विभाग ४ सांगतो की टोल्यूइन गिळले गेले तर उलटी करवू नये. विभाग २ मधल्या एच ३०४ चा अर्थ हाच आहे: उलटीबरोबर वर आलेला पातळ द्रव फुफ्फुसात शिरला, तर गंभीर दाह होतो. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, भिजलेले कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी. गुंगी आलेल्याला मोकळ्या हवेत आणावे, पण सुटकेसाठी आत धावणारा माणूसच दुसरा बळी ठरतो, हे योजनेत लिहून ठेवावे. रुग्णवाहिकेसोबत पत्रकाची प्रत द्यावी, कारण विभाग ४ व ११ डॉक्टरांच्या कामाचे असतात.

पत्रकाच्या मर्यादा ओळखणेही वाचनाचाच भाग आहे. सुट्या थिनरचे पत्रक शुद्ध टोल्यूइनचे नसते. विभाग ३ मधले घटक आणि टक्केवारी पाहून प्रत्येक घटकाचा विचार करावा लागतो. विभाग १० तीव्र नायट्रिक आम्लासारखे ऑक्सिडकारक टोल्यूइनपासून दूर ठेवायला सांगतो, पण शेजारच्या कपाटात काय आहे ते पत्रकाला ठाऊक नसते. पुरवठादार बदलला की नवे पत्रक मागवावे आणि विभाग १ मधला तातडीचा दूरध्वनी क्रमांक एकदा लावून पाहावा.

शेवटी हाती येणारे पान छोटेच असते: सांडीची रेघ, मुख्य स्विचची जागा, अग्निशामक व वाळूची जागा, मोज्याचे नाव, ‘उलटी नको’ ही सूचना आणि १०१ व १०८ हे क्रमांक. ते कामगारांना वाचता येईल अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत, खोलीच्या बाहेरच्या बाजूला लावावे आणि पाण्याचा अर्धा लिटर जमिनीवर ओतून वर्षातून निदान दोनदा त्याची तालीम घ्यावी. तालमीत जे जमले नाही, ते त्याच दिवशी पानावर दुरुस्त करावे.