बातमींतील विशेषणें



गुणविशेषण आणि संख्याविशेषण हे भेद आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेले आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांत हीं दोन्ही भावंडें शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात. परंतु बातमींत पाऊल टाकतांच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. 'सदतीस हातगाड्या' यांतील विशेषण ज्याला हवें त्यानें जाऊन मोजून पाहावें. 'मुजोर फेरीवाले' यांतील विशेषण मोजण्याची सोय नाहीं. तें वाचकानें वार्ताहराच्या शब्दावर मानून घ्यावयाचें असतें. स्थानिक बातमी निःपक्ष कशी करावी, हा आजचा विषय या एका भेदापासून सुरू होतो. मात्र तो तेथेंच संपत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

उदाहरणासाठीं एक बातमी मी स्वतः रचली आहे. गांव काल्पनिक आहे, पण वळण आपल्या परिचयाचें आहे. ऐका.

"बेशिस्त फेरीवाल्यांना दणका! गेल्या कित्येक वर्षांपासून बाजारपेठेंतील रस्ता अडवून नागरिकांचें जिणें नकोसें करणाऱ्या मुजोर फेरीवाल्यांवर अखेर मंगळवारीं कर्तव्यदक्ष मुख्याधिकाऱ्यांनीं धडक कारवाई केली. नगरपरिषदेच्या पथकानें सुमारें चाळीस हातगाड्या जप्त केल्या. या वेळीं कांहीं बायकांनीं आरडाओरडा करीत पथकाच्या अंगावर धांव घेतली. आपणांस नोटीसच मिळाली नाहीं, असा कांगावा एका भाजीवालीनें केला. मुख्याधिकाऱ्यांनीं मात्र रीतसर नोटीस दिल्याचें स्पष्ट केलें. या कारवाईचें सर्वत्र स्वागत होत आहे."

आतां हातांत पेन्सिल घेऊं आणि पहिली फेरी विशेषणांची करूं. बेशिस्त, मुजोर, कर्तव्यदक्ष, धडक, रीतसर हे शब्द सहज सांपडतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : हें पाहणाऱ्याला दिसलें असतें काय, कीं हा लिहिणाऱ्याचा निवाडा आहे? रस्त्यावर गाडी उभी होती, हें दिसतें. मुजोरी दिसत नाहीं. एखाद्या फेरीवाल्यानें काय म्हटलें किंवा काय केलें, तें दिसतें. तें ठाऊक असेल तर तेंच लिहावें, आणि ठाऊक नसेल तर विशेषणाला आधार नाहीं असें समजून तें काढावें. ताडून पाहावयाचें असल्यास उलट बाजूचीं विशेषणें त्याच वाक्यांत बसवावीं. 'गोरगरीब कष्टकऱ्यांवर निर्दय अधिकाऱ्यांचा वरवंटा' असें लिहिलें तरी मंगळवारच्या घटनेंत तिळमात्र फरक पडत नाहीं. एकाच घटनेला जीं दोन विरुद्ध विशेषणें सारखींच चिकटतात, तीं घटनेचा भाग नव्हेत. दुसरें वाक्यही पहिल्याइतकेंच पक्षपाती आहे, हेंही येथें ध्यानांत ठेवावें. फेरीवाल्यांविषयींची कणव ही सद्भावना असली तरी बातमींत तिचेंही स्थान तेंच.

पुष्कळ संपादक या पहिल्या फेरीनंतर पेन्सिल खालीं ठेवतात. पण विशेषणें गेलीं तरी पक्षपात बातमींत सुखेनैव राहतो, कारण त्याचें खरें बिऱ्हाड क्रियापदांत असतें. भाजीवालीनें 'कांगावा केला' आणि मुख्याधिकाऱ्यांनीं 'स्पष्ट केलें'. या दोन क्रियापदांनीं खटल्याचा निकाल लागून गेला! कांगावा खोटाच असतो. आणि जें स्पष्ट केलें जातें तें खरें असल्याशिवाय स्पष्ट कसें होणार? 'कबूल केलें', 'दावा केला', 'निदर्शनास आणून दिलें' हीं सारीं याच कुळांतलीं क्रियापदें. त्यांच्या जागीं दोन्ही पक्षांसाठीं 'म्हणाले' किंवा 'सांगितलें' एवढेंच घालावें. तोच शब्द पुन्हां पुन्हां आल्यानें भाषा रुक्ष होईल ही भीति निबंधांत रास्त आहे. बातमींत वाचक 'म्हणाले' या शब्दावरून नजर न थांबवितां पुढें जातो, आणि आपणांस तेंच हवें असतें.

मराठींत आणखी कांहीं चोरवाटा आहेत. 'अखेर' या तीन अक्षरांत लिहिणाऱ्याचा सुटकेचा निःश्वास ऐकूं येतो. 'नोटीसच मिळाली नाहीं' यांतील 'च' तक्रारीला हट्टाचें रूप देतो. 'मुख्याधिकाऱ्यांनीं मात्र' यांतील 'मात्र' मागील म्हणणें खोडून काढतो. सर्वांत सूक्ष्म चोरवाट आदरार्थी बहुवचनाची. मुख्याधिकारी 'म्हणाले' आणि भाजीवाली 'म्हणाली' असें लिहितांना आपल्या मनांत पक्षपात नसतो, केवळ संवय असते. पण वाचकाच्या कानाला साहेब आणि बाजारची बाई यांतील पायरी ऐकूं आलेली असते. दोघांनाही आदरार्थी वचन द्यावें, 'बायका' ऐवजीं 'महिला विक्रेत्या' म्हणावें, म्हणजे ती पायरी नाहींशी होते.

या दोन फेऱ्या झाल्यावर बातमी हातांत घ्या. तिला जागोजाग भोकें पडलेलीं दिसतील. माझ्या मतें साऱ्या विषयाचें मर्म येथें आहे. भारलेला शब्द बहुधा त्याच जागीं येतो, जेथें चौकशी व्हावयास हवी होती. 'रीतसर' हा शब्द काढला कीं प्रश्न उभा राहतो : नोटीस कोणत्या तारखेची, तिची पोंच कोणाच्या सहीची? 'कित्येक वर्षांपासून' काढलें कीं प्रश्न येतो : पहिली लेखी तक्रार केव्हांची? 'सर्वत्र स्वागत' काढलें कीं कळतें, वार्ताहर तीन दुकानदारांशीं बोलला होता. 'सुमारें चाळीस' याचा खरा आंकडा जप्तीच्या यादींत असतोच.

यांतील नोटिशीचा प्रश्न तर साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठीं २०१४ सालीं केंद्राचा कायदा झाला. विक्रीचें प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला त्याच्या नेमून दिलेल्या जागेवरून हलवावयाचें, तर आधीं ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. आणि विक्रेत्यानें मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशीं, इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत, ठरलेली रक्कम घेऊन परत करावयाचा असतो. म्हणजे भाजीवालीचें म्हणणें खरें कीं खोटें यावर तिची गाडी, तिची भाजी आणि त्या आठवड्याची चूल अवलंबून आहे. वार्ताहरानें तें 'कांगावा' या एका शब्दांत निकालांत काढलें, आणि गांवांतील कोणालाच पुढें विचारावेंसें वाटलें नाहीं.

समजा, वार्ताहर पुन्हां जाऊन चौकशी करून आला. मग बातमी अशी होईल :

"बाजारपेठेंतील ३७ हातगाड्या जप्त, नोटिशीविषयीं मतभेद. नगरपरिषदेच्या अतिक्रमणविरोधी पथकानें मंगळवारीं सकाळीं बाजारपेठेंतील मुख्य रस्त्यावरील ३७ हातगाड्या जप्त केल्या. नोटीस मिळाली नव्हती, असें पांच विक्रेत्यांनीं सांगितलें. त्यांपैकीं तिघांनीं विक्रीचें प्रमाणपत्र दाखविलें. दोघांकडे तें नव्हतें. महिन्यापूर्वीं नोटिशी दिल्या होत्या, असें मुख्याधिकाऱ्यांनीं सांगितलें. नोटिशीची पोंच नगरपरिषद कार्यालयानें बुधवार सायंकाळपर्यंत दाखविली नाहीं. प्रमाणपत्रधारकास त्याच्या जागेवरून हलविण्यापूर्वीं ३० दिवसांची नोटीस देणें कायद्यानें आवश्यक आहे. रस्ता अडत असल्याच्या नऊ लेखी तक्रारी या वर्षीं नगरपरिषदेकडे आल्या आहेत. गाड्या उचलतांना दोन महिला विक्रेत्यांनीं एक गाडी धरून ठेवली. त्या ओढाताणींत एका कर्मचाऱ्याच्या हाताला खरचटलें. पोलिसांकडे तक्रार नोंदलेली नाहीं. तीन दुकानदारांनीं कारवाईबद्दल समाधान व्यक्त केलें."

या मसुद्यांत फेरीवाल्यांना अडचणीच्या गोष्टीही आहेत. दोघांकडे प्रमाणपत्र नाहीं, कर्मचाऱ्याला खरचटलें, नऊ तक्रारी आल्या. नगरपरिषदेला अडचणीची गोष्ट, म्हणजे न दाखविलेली पोंच, तीही आहे. 'अतिक्रमणविरोधी पथक' हें त्या पथकाचें नांव म्हणून राहिलें. गाड्यांना मात्र बातमीनें स्वतः अतिक्रमण म्हटलें नाहीं, कारण तोच तर वादाचा मुद्दा आहे. क्रमाकडेही लक्ष द्यावें. विक्रेत्यांचें म्हणणें दुसऱ्याच वाक्यांत आहे. जागा अपुरी पडली कीं बातमी शेवटाकडून कापण्याची छापखान्यांतील जुनी रीत आहे. एका पक्षाचें म्हणणें शेवटच्या ओळींत ठेवलें, तर कात्रीला तेंच पहिल्यानें सांपडतें.

आतां उलट दिशेच्या चुकीविषयीं दोन शब्द. कांहीं जण निःपक्षपाताच्या नांवाखालीं बातमी इतकी धुतात कीं तिचा रंगच उतरतो. 'हातगाड्यांचें स्थलांतर करण्यांत आलें' हें वाक्य सौम्य आहे, पण खरें नाहीं. गाड्या जप्त झाल्या. 'करण्यांत आलें' या कर्त्याविना प्रयोगांत तर करणाराच नाहींसा होतो. कोणी केलें हें ठाऊक असतांना कर्ता लपविणें हाही पक्षपातच, आणि तो बहुधा बलवानाच्या बाजूचा. ज्या कठोर शब्दाला पुरावा आहे, तो कठोर शब्दच तेथें निःपक्ष असतो.

दुसरी चूक दोन्ही पारडीं बळेंच समान करण्याची. उद्यां नगरपरिषदेनें पोंच दाखविली, तर 'नोटीस दिली होती कीं नव्हती याविषयीं मतभेद' असें लिहीत बसणें हा न्याय नव्हे. पोंचेवर अमुक तारीख व अमुक सह्या आहेत, असें सरळ लिहावें. पोंच नाहींच असें निष्पन्न झालें, तर तेंही तितक्याच सरळपणें लिहावें. दोन म्हणणीं शेजारीं शेजारीं ठेवणें हें कागद हातीं येईपर्यंतचें काम आहे. कागद आल्यावर कागद बोलतो.

विशेषणांना वर्तमानपत्रांतून हद्दपार करावें, असें कोणीं यावरून समजूं नये. आपल्या वृत्तपत्रांची थोरवी अग्रलेखांनीं वाढविली, आणि १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'चा दरारा त्याच्या परखड शब्दांचा होता. अग्रलेखांत मुख्याधिकाऱ्यांना कर्तव्यदक्ष म्हणावें किंवा निर्दय म्हणावें. तेथें वाचकाला ठाऊक असतें कीं आपण मत वाचीत आहों, आणि तो वाद घालण्याच्या तयारीनें बसलेला असतो. बातमी वाचतांना तो ती तयारी बाजूला ठेवतो. म्हणून तिच्यांत शिरलेलें मत त्याच्या नकळत त्याचें होऊन जातें.

शेवटची कसोटी सोपी आहे. तयार बातमी मुख्याधिकाऱ्यांना आणि त्या भाजीविक्रेत्या बाईंना मनांतल्या मनांत वाचून दाखवावी. दोघेंही खूष होणार नाहींत, आणि तें साधण्याचें कारणही नाहीं. परंतु एकेका वाक्यावर बोट ठेवून 'हें असें घडलें नाहीं' असें दोघांपैकीं कोणासही म्हणतां येऊं नये. ज्या वाक्यावर बोट पडेल, तेथें बहुधा एखादें गुणविशेषण किंवा एखादें शहाणें क्रियापद बसलेलें आढळेल. तें उठवावें, आणि त्याच्या जागीं कोणती चौकशी करावयाची राहिली, तें पाहावें.