चार्जर, बॅकअप आणि अठ्ठेचाळीस आकडे

‘विद्यार्थी मित्रांनो, शनिवारी सकाळी साडेनऊला लॅबमध्ये उबुंटू इन्स्टॉलेशन आहे. येताना लॅपटॉप, त्याचा स्वतःचा चार्जर आणि चार्ज केलेला मोबाइल आणणे. डेटाचा बॅकअप घरूनच घेऊन येणे, लॅबमध्ये त्यासाठी वेळ मिळणार नाही. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून आणणे. की नसेल तर लॅपटॉपला हात लावला जाणार नाही.’

इंजिनिअरिंगच्या, बीसीएच्या किंवा संगणकशास्त्राच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्र सुरू झालं की अशा धर्तीचा मेसेज येतो. प्रॅक्टिकल लिनक्सवर करायची असतात आणि मुलांच्या लॅपटॉपवर दुकानातून आलेलं विंडोज असतं. विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू टाकायचं, म्हणजे ‘ड्युअल बूट’ करायचं, असा त्या दिवसाचा बेत. मेसेजखाली अंगठ्यांची रांग लागते. मग एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, की म्हणजे लॅपटॉपच्या खाली स्टिकरवर असते तीच ना?’

ती नव्हे. विंडोज खरेदी केल्याचा पुरावा असलेली प्रॉडक्ट की २५ अक्षरांची असते. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या ती लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच साठवून देतात, त्यामुळे ती कुणी मागत नाही आणि लिहून आणण्याचीही गरज नाही. लॅब इनचार्जला हवी असते ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती नसेल तर काय होतं, हे सांगण्याआधी ती लागते तरी का, ते पाहायला हवं.

बिटलॉकर ही विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने आतली एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी त्याला फाइलींऐवजी निव्वळ गिचमीड दिसावी, यासाठी ती आहे. अनेकांना वाटतं की हे आपण चालू केलंच नाही, म्हणजे ते आपल्याकडे नसणार. २०२४ च्या शेवटी आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर किंवा नव्याने टाकलेल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. विचारणा होत नाही. की मुकाट्याने त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते.

रोज लॅपटॉप सुरू करताना ही की टाकावी लागत नाही, कारण ते काम टीपीएम नावाची चिप करते. मशीन सुरू होताना कोणता प्रोग्राम कोणत्या क्रमाने चालला, सिक्युअर बूट चालू आहे का, याची ती नोंद घेते. नोंद नेहमीसारखी असली तर डिस्कची किल्ली देते. वेगळी दिसली तर गप्प बसते. ओळखीचा चेहरा दिसला तरच फाटक उघडणाऱ्या वॉचमनसारखा हा प्रकार आहे. इन्स्टॉलेशनच्या दिवशी आपण नेमकं तेच बदलतो. बायॉसमध्ये शिरतो, सिक्युअर बूट बंद करतो, बूटचा क्रम बदलतो. पुढच्या वेळी विंडोज सुरू करायला जावं तर निळ्या पडद्यावर ‘Enter the recovery key’ आणि खाली रिकामी चौकट.

इथे घाबरून आणखी चार ठिकाणी हात घालण्याऐवजी बायॉसमधलं बदललेलं सेटिंग आधी पूर्ववत करावं. बऱ्याचदा तेवढ्याने विंडोज निमूट सुरू होतं. नाही झालं तर की हवीच. मायक्रोसॉफ्टला फोन करून उपयोग नाही. हरवलेली की आपण शोधून किंवा नव्याने बनवून देऊ शकत नाही, असं कंपनीच सांगते. मग उरतो फॉरमॅट, आणि त्याबरोबर डेटा जातो. खरं तर सध्याच्या उबुंटूला सिक्युअर बूट बंद करण्याची बहुधा गरजच पडत नाही. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ पहिल्याच मिनिटाला ते बंद करायला लावतात, हा त्यांचा आगाऊपणा.

या कीची किंमत जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं, तिथे त्या फाइलपर्यंत पोचण्यासाठी आधी ४८ आकडे टाकावे लागत होते, आणि प्रत्येक मशीनचे आकडे वेगळे.

आपल्या लॅपटॉपची स्थिती पाहायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ने उघडून या दोन ओळी द्यायच्या:

```
manage-bde -status
manage-bde -protectors -get C:
```

पहिलीने डिस्क एन्क्रिप्ट आहे का ते कळतं. दुसरीच्या उत्तरात ‘Numerical Password’च्या खाली एक आयडी आणि ४८ आकडी की दिसते. दोन्ही लिहून घ्यावीत, कारण निळ्या पडद्यावर आयडी दिसतो आणि कागदावरची की त्याच लॅपटॉपची आहे का, हे त्यावरूनच ताडता येतं. घरात दोन लॅपटॉप असले की ही अडचण येतेच. कागदच का? कारण की त्याच लॅपटॉपवर ठेवली तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत राहते.

पहिल्या कमांडच्या उत्तरात एक फसवी जोडी दिसू शकते: ‘Percentage Encrypted’पुढे १०० टक्के, पण ‘Protection Status’पुढे ‘Protection Off’. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे, फक्त किल्ली अजून उघड्यावर आहे, असा याचा अर्थ. मायक्रोसॉफ्ट अकाउंट न जोडलेल्या लॅपटॉपवर हे बऱ्याचदा दिसतं. ‘ऑफ आहे, म्हणजे झालं’ असं समजून मुलगा लॅबमध्ये येतो आणि उबुंटूचा इन्स्टॉलर, बिटलॉकर बंद करून या, असं सांगून तिथेच थांबू शकतो. इन्स्टॉलरकडून विंडोजच्या शेजारी जागा करून घ्यायची तर डिस्क पूर्ण उलगडलेली हवी. ते काम सेटिंग्जमधून किंवा पुढच्या कमांडने होतं:

```
manage-bde -off C:
```

डिस्क मोठी, भरलेली किंवा लॅपटॉप जुना असेल तर याला बराच वेळ लागतो. म्हणून शहाणे इनचार्ज हे आदल्या रात्री, चार्जर लावून उरकायला सांगतात.

आता बॅकअप. एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप घेऊ. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेलं, विंडोजमध्ये दिसतात ४७६. यात चोरी नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने सी आणि डी असे दोन भाग करून दिलेले. तिने सबमिशनं, मिनी प्रोजेक्ट आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो, एकूण ६० जीबी, डी ड्राइव्हवर नेऊन ठेवले. तिच्या मते बॅकअप झाला. पण सी आणि डी या एकाच एसएसडीवर आखलेल्या दोन रेषा आहेत. इन्स्टॉलरच्या पडद्यावर ‘विंडोजच्या शेजारी’ या पर्यायाऐवजी अख्खी डिस्क पुसण्याचा पर्याय चुकून निवडला गेला, तर दोन्ही जातात. बॅकअप म्हणजे लॅपटॉपच्या बाहेर असलेली प्रत.

मग ती शनिवारी सकाळी पेनड्राइव्ह काढते. स्वस्त यूएसबी २.० पेनड्राइव्हवर सेकंदाला सुमारे १० एमबी लिहिले जातात. ६० जीबीचे झाले ६० हजार एमबी, म्हणजे सहा हजार सेकंद, जवळजवळ पावणेदोन तास. असे दहा जण निघाले की सकाळ संपली. मेसेजमधल्या ‘घरूनच’ या शब्दामागचं गणित हे. शिवाय कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहाव्यात. नावं दिसणं आणि फाइल उघडणं यांत फरक आहे, विशेषतः वनड्राइव्हच्या बाबतीत. तिथे ढगाचं चिन्ह असलेली फाइल लॅपटॉपवर नसतेच, फक्त नाव असतं.

जागा मोकळी करायचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून केलेलं बरं. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात, म्हणून १०० जीबीसाठी १०२४०० लिहायचे. कधीकधी सी ड्राइव्हवर १५० जीबी मोकळे असूनही विंडोज जेमतेम ३० जीबी सोडायला तयार होतं. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. `powercfg /h off` दिल्याने हायबरनेशनची फाइल निघते आणि बरेचदा आकडा वाढतो. त्याच कमांडने फास्ट स्टार्टअपही बंद होतं; ते चालू राहिलं तर उबुंटूला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. उबुंटूला किमान २५ जीबी सांगितलेत, पण प्रोजेक्ट करायचे असतील तर ८० ते १०० जीबी द्यावेत.

राहिला चार्जर. तो विसरणारे सर्वांत जास्त, कारण ‘बॅटरी फुल आहे की!’ पार्टिशन लहान करताना डिस्कवरच्या फाइली एका जागेवरून दुसरीकडे सरकत असतात. मध्येच मशीन बंद पडलं तर विंडोजचं पार्टिशन बिघडू शकतं. म्हणूनच वीज जोडलेली नसेल तर उबुंटूचा इन्स्टॉलरही टोकतो. मेसेजमध्ये ‘स्वतःचा’ चार्जर म्हटलंय तेही उगाच नाही. मोबाइलचा टाइप-सी चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला लावला तर पिन बसते, कधी चार्जिंगची खूणही दिसते, पण पुरवठा अपुरा पडून बॅटरी हळूहळू उतरतच राहते. आणि ज्यांची बॅटरी मेलेली आहे, नुसत्या वायरवर लॅपटॉप चालतो, त्यांनी तसं आधी सांगावं. एक्स्टेंशन बोर्डला कुणाचा पाय लागला की त्यांचं मशीन जागच्या जागी बंद होतं. अशांना इनचार्ज भिंतीजवळची जागा देतात.

मोबाइल का मागवला, हे सर्वांत शेवटी कळतं. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे हे खरं, पण तिथे शिरताना ओटीपी येतो, आणि तो येतो अकाउंट ज्याच्या नंबरवर आहे त्याच्याकडे. आपल्याकडे नवा लॅपटॉप बहुतेकदा दादा, मामा किंवा दुकानातला मुलगा सुरू करून देतो, स्वतःच्या ईमेलने. मग की असते त्याच्या अकाउंटमध्ये, आणि मामा असतात शनिवारी सकाळी कामावर, फोन सायलेंटवर.

तेव्हा घरात विंडोज ११ चा लॅपटॉप असेल, तर इन्स्टॉलेशनचा बेत असो वा नसो, आज मोबाइलवर `aka.ms/myrecoverykey` हा पत्ता उघडून स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा. यादीत आपला लॅपटॉप दिसला तर आकडे वहीत उतरवून घ्या. नाही दिसला, तर तो पहिल्यांदा कुणी सुरू करून दिला होता हे आठवा आणि त्यांना आजच फोन लावा.