तेलाचे डबे तेवढेच, मग नफा दोन कसे?

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्यावरून थेट २० टक्के. दुकानात तेव्हा जुन्या भावाचाही माल होता. आज त्याचाच हिशोब करू.

समजा, आपल्या मेहकरातलं एक किराणा दुकान. तेलाचे १० डबे १,८०० रुपयांनी घेतले, भाव वाढल्यावर आणखी १० घेतले २,१०० नी. विकले १२, प्रत्येकी २,२०० ला. गल्ल्यात आले २६,४००. (आकडे सोपे घेतलेत, जीएसटी बाजूला ठेवू.)

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं. १० जुने, २ नवे, खर्च २२,२००. नफा ४,२००.

सरासरी पद्धतीत प्रत्येक डबा १,९५० चा. खर्च २३,४००. नफा ३,०००.

मग १,२०० चा फरक गेला कुठे? उरलेल्या ८ डब्यांत. फिफोत त्यांची किंमत १६,८०० दिसते, सरासरीत १५,६००. ते विकले की फरक मिटतो. पैसा तोच, फक्त फिफोत नफा आणि त्यावरचा कर आधी येतो.

पण खरी गंमत ऐका. तेच १२ डबे पुन्हा भरायला २५,२०० लागतील. म्हणजे हातात उरले फक्त १,२००! फिफोचा ४,२०० बघून पैसे घरखर्चाला काढले, तर दुकानात डबे कमी होतात.

आणि हो, लेखा मानक २ दोन्ही पद्धती मान्य करतं, पण सोयीप्रमाणे दरवर्षी बदलता येत नाही.