महाभारत कोणते घ्यावे?

घरात एखादे महाभारत असावे असे ठरवून गृहस्थ पुस्तकांच्या दुकानात गेला, की त्याच्यापुढे दोन प्रकारचे ग्रंथ येतात. एक तीनचारशे पानांचा, सुटसुटीत, आठवडाभरात वाचून होणारा. दुसरा अनेक जाड खंडांचा, फडताळाचा एक सबंध कप्पा अडवणारा. दोहोंच्याही पाठीवर नाव तेच असते. पहिला घेतला तर खरे महाभारत हाती आले नाही असे वाटत राहते, आणि दुसरा घेतला तर तो आदिपर्वातच अडून राहील ही भीती असते. ही निवड पानांची संख्या पाहून होत नसते. कमी केले ते काय, आणि भाषांतर केले ते कशाचे, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे ती पुष्कळ सोपी होते. सभापर्वातील द्यूताचा प्रसंग घेऊन हे दोन्ही प्रश्न पारखता येतात.

तो प्रसंग सर्वांस ठाऊक असतो. निदान तसे वाटते. युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरतो, द्रौपदीला पणास लावतो, दुःशासन तिला केस धरून सभेत आणतो, तिची वस्त्रे फेडू लागतो, आणि श्रीकृष्ण तिची लाज राखतो. बहुतेक संक्षिप्त पुस्तकांत प्रसंगाचा आकार एवढाच असतो. त्यात भीष्मद्रोण माना खाली घालून बसलेले असतात आणि द्रौपदी रडत देवाचा धावा करीत असते.

मूळ ग्रंथात मात्र ह्या प्रसंगाच्या मध्यभागी एक प्रश्न उभा आहे. प्रातिकामी नावाचा सूत द्रौपदीस बोलावण्यास जातो, तेव्हा ती जाण्याचे नाकारून त्यालाच उलट पाठविते. राजाने आधी कोणास हरविले, स्वतःस की मला, हे सभेत विचारून ये, असे ती सांगते. प्रश्नाचे मर्म उघड आहे. युधिष्ठिर आधी स्वतः दास झाला असेल, तर दासाला दुसऱ्या कोणास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? युधिष्ठिर ह्यावर काही बोलत नाही. तिने इथे येऊन विचारावे, असे दुर्योधन म्हणतो, आणि त्यानंतर तिला ओढून आणण्यात येते.

ह्या प्रश्नाची चर्चा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवृत्तीत सभापर्वाच्या ६० ते ६३ ह्या चार अध्यायांत चालते. भीष्म उत्तर देतो, पण ते अर्धे असते. ज्याचे स्वतःचे काही उरले नाही तो दुसऱ्याचे धन पणास लावू शकत नाही. उलट स्त्री पतीच्या अधीन मानलेली. म्हणून निर्णय आपल्याने होत नाही, असे तो म्हणतो. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण उठून सांगतो की ती जिंकली गेलेली नाही. तो कारणेही मोजून देतो. व्यसनाच्या भरात राजाने केलेली कृती ग्राह्य धरीत नाहीत. द्रौपदी पाचांची समान पत्नी आहे. स्वतःस हरल्यावर तिला लावले. आणि तिचे नाव सुचविले ते शकुनीने. कर्ण त्याला खोडून काढतो. सर्वस्व पणास लावले तेव्हा तीही त्यात आलीच, हा त्याचा मुद्दा. विदुर प्रल्हादाची कथा सांगून सभासदांस बजावितो की विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर न देणारी सभा पापाची वाटेकरी होते. अखेरीस अर्जुन म्हणतो की राजा आमचा स्वामी होता खरा, पण स्वतः जिंकला गेल्यावर तो कोणाचा स्वामी राहिला, हे कुरूंनी ठरवावे. तेवढ्यात धृतराष्ट्राच्या अग्निगृहात कोल्हे ओरडतात, तो घाबरतो आणि द्रौपदीस वर देऊ करतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराचे दास्य दूर करते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांचे. तिसरा ती नाकारते. प्रश्नाचा निकाल मात्र सभेत लागत नाही.

ही चार अध्यायांची चर्चा काढून टाकली तर कथेची एकही घटना कमी होत नाही. द्यूत होते, विटंबना होते, पांडव सुटतात आणि दुसऱ्या द्यूतानंतर वनात जातात. परंतु द्रौपदी कोण होती हे बदलते. मूळ ग्रंथातील स्त्री भरसभेत युक्तिवाद करते. संक्षेपातील स्त्री केवळ धावा करते. भीष्माचे मौनही बदलते. मुळात तो गप्प बसलेला नाही. तो बोलला आहे आणि बोलून अडला आहे. संक्षेपाने होणारी खरी हानी ही अशी असते. कथानक शाबूत राहते, म्हणून वाचकास काही हरवल्याचे कळतच नाही.

तरीही संक्षेप म्हणजे सर्वत्र हानीच असे नाही. भांडारकर आवृत्तीच्या अठरा पर्वांत १९९५ अध्याय आहेत. त्यांपैकी एकट्या शांतिपर्वाचे ३५३ आणि अनुशासनपर्वाचे १५४ आहेत. म्हणजे ग्रंथाचा चौथा हिस्सा युद्ध संपल्यावर शरशय्येवरील भीष्माने केलेल्या राजधर्म, मोक्षधर्म आणि दानधर्म ह्यांच्या निरूपणाने बहुतांशी व्यापला आहे. संक्षेपकाने हा भाग सबंध गाळला आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट लिहिले, तर वाचकाची फसवणूक होत नाही. काय वाचले नाही हे त्यास ठाऊक राहते. वनपर्वातील नलोपाख्यान किंवा सावित्रीची कथा सुटी काढली तरी असेच म्हणता येईल. प्रत्येक प्रसंग थोडाथोडा कातरून सर्वच ग्रंथ सारख्या प्रमाणात बारीक केला जातो, तो संक्षेप वाईट. अशा कातरणीत घटना टिकतात आणि संभाषणे जातात. आणि महाभारताचा जीव तर पुष्कळसा संभाषणांतच आहे.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या करण्याजोगी परीक्षा अशी. पुस्तक उघडून द्यूताचा प्रसंग काढावा आणि विकर्ण शोधावा. तो मुळीच नसेल तर ते पुस्तक मुलांस गोष्ट सांगण्यापुरते ठीक. तो असून त्याने केवळ निषेध केला एवढेच वाक्य असेल, तर संक्षेप मध्यम प्रतीचा. त्याची कारणे दिली असतील, तर संक्षेपक मूळ ग्रंथ समोर ठेवून बसला होता असे समजण्यास हरकत नाही. जोडीला कडेस पर्व आणि अध्याय ह्यांचे आकडे असतील तर फारच उत्तम. गाळलेली जागा त्यांवरून शोधता येते. चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी संस्कृतातच जो संक्षेप सिद्ध केला, त्यात मूळचे श्लोक निवडून घेतले आहेत. ग्रंथ लहान झाला तरी शब्द मुळाचेच राहावेत, हा त्या पद्धतीचा गुण. इरावती कर्वे ह्यांचे ‘युगान्त’ किंवा शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ ही पुस्तके मात्र ह्या पंगतीत बसवू नयेत. पहिले चिकित्सा आहे, दुसरे कादंबरी. महाभारताच्या जागी वाचण्यासाठी ती लिहिलेली नाहीत.

आता भाषांतराचा प्रश्न. येथे ‘संपूर्ण’ हा शब्द फसवा ठरतो, कारण मूळ संहिता एकच नाही. भांडारकर मंदिराने १९१९ साली काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांच्या संपादनाखालील आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला, आणि १९६६ मध्ये सर्व पर्वे पूर्ण झाली. नाना लिप्यांतील पोथ्या ताडून तिच्यातून मागाहून शिरलेला मजकूर वेगळा काढण्यात आला आणि तळटीपांत व परिशिष्टांत ठेवण्यात आला. ह्या आवृत्तीत द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मुख्य संहितेत नाही. वस्त्रे येत राहतात. ती कोणी पुरविली हे सांगितलेले नाही. उलट गीताप्रेसच्या हिंदी भाषांतरासह निघालेल्या सहा खंडांत प्रचलित संहिता असून दक्षिणेकडील अधिक पाठही घेतले आहेत. तेथे तो धावा आहे. दोन्ही ग्रंथ आपापल्या परीने संपूर्णच आहेत. शतकानुशतके कीर्तनांतून ऐकलेले महाभारत हवे असेल त्याने प्रचलित संहितेचे भाषांतर घ्यावे. जुन्या पोथ्यांच्या आधारे निश्चित केलेले हवे असेल त्याने चिकित्सित आवृत्तीचे. इंग्रजी वाचणारांस हाच भेद दिसतो. किसारी मोहन गांगुली ह्यांचे १८८३ ते १८९६ ह्या काळात निघालेले भाषांतर जुन्या छापील संहितांवरून झाले. बिबेक देबरॉय ह्यांचे २०१० ते २०१४ मधील दहा खंड चिकित्सित आवृत्तीवरून झाले. मुखपृष्ठावर हा भेद क्वचितच लिहिलेला असतो. तो प्रस्तावनेत पाहावा. तेथेही नसेल तर भीष्मपर्वात गीता कोणत्या अध्यायापासून सुरू होते ते पाहावे. तेविसाव्यापासून सुरू झाली तर भांडारकर आवृत्ती, पंचविसाव्यापासून झाली तर मुंबईची प्रचलित संहिता.

संहिता निश्चित झाली तरी शब्दांची अडचण राहतेच. द्रौपदीच्या प्रश्नात ‘ईश’ हा शब्द आहे, आणि अर्जुनाच्या शेवटच्या बोलण्यातही तोच आहे. प्रश्न आणि उत्तर त्या एका शब्दाने जोडलेले आहेत. भाषांतरकाराने एके ठिकाणी ‘पती’ आणि दुसरीकडे ‘राजा’ असे लिहिले, तर दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे बरोबर ठरतात आणि दोहोंमधला सांधा निखळतो. शिवाय ‘पती’ म्हटले की वाद विवाहाचा होतो आणि ‘धनी’ म्हटले की मालकीचा. मुळात तो दोहोंच्या मधोमध टांगलेला आहे, आणि भीष्म नेमका तेथेच अडतो. ‘धर्म’ हा शब्द तर मराठीत जसाच्या तसा उतरतो, आणि म्हणूनच जास्त चकवितो. आज त्याचा पहिला अर्थ उपासनापंथ असा मनात येतो. ह्या सभेत त्याचा अर्थ न्याय आणि कर्तव्य ह्यांच्या जवळचा आहे.

ह्यावर उपाय सबंध ग्रंथ संस्कृतात वाचणे हा नव्हे. शाळेपुरते संस्कृत झालेल्या वाचकास महाभारताचा अनुष्टुभ अवघड नाही. वाक्ये लहान असतात आणि लांब समास थोडे. एका बाजूस मूळ व दुसऱ्या बाजूस भाषांतर अशी प्रत घेतली, तर दहा पाने भाषांतर वाचून अडलेल्या दोन श्लोकांपुरते डावीकडे पाहता येते. संस्कृत मुळीच न येणारानेही एकाच संहितेची दोन भाषांतरे द्यूताच्या प्रसंगापुरती ताडून पाहावीत. दोन्ही जेथे वेगळी वाटतील, तेथे मुळात काहीतरी अवघड आहे हे निश्चित समजावे.

सामान्य घराला परवडणारा क्रम असा ठरतो. आधी अध्यायांचे आकडे देणारा एक चांगला संक्षेप सलग वाचून काढावा. त्याने नाती, वंश आणि घटनांचा क्रम मनात बसतो. मग संपूर्ण भाषांतरातील एकच पर्व घ्यावे. ते आदिपर्व नसावे. तेथील सर्पसत्र आणि वंशावळी ह्यांत नवा वाचक थकतो. सभापर्व अवघे ७२ अध्यायांचे आहे. रोज दोन अध्याय वाचले तरी पाच आठवडे पुरतात. ते वाचताना संक्षेपात न भेटलेली माणसे वारंवार भेटू लागली, तर उरलेले खंड घरी आणण्याची वेळ आली असे समजावे. तसे न झाले तरी निदान विकर्ण कोण होता, आणि द्रौपदीने सभेला काय विचारले होते, हे त्या घरात ठाऊक राहील.