नॅसचा पत्ता राउटरच्या वहीत

घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद एका जागी ठेवायला नॅस नावाची पेटी आता बऱ्याच घरांत आली आहे. आत दोन-चार हार्डडिस्क, मागे राउटरकडे जाणारी लॅनची वायर. टीव्ही, लॅपटॉप, फोन सगळे तिच्यातून वाचतात. महिनोन्‌महिने सुरळीत चालतं आणि एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर टीव्ही म्हणतो, सर्व्हर सापडत नाही. नॅसचे दिवे लागलेले असतात, फाइलीही जागच्या जागी असतात. बदललेला असतो तो फक्त त्याचा पत्ता.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला 192.168.1.37 असा आयपी पत्ता लागतो आणि तो राउटर देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. बऱ्याच राउटरवर ही मुदत, म्हणजे लीज, 24 तासांची असते. निम्मी मुदत संपली की उपकरण स्वतःच ती वाढवून मागतं, आणि बंद पडून पुन्हा सुरू झालं तरी आधी जुनाच पत्ता मागतं. म्हणून एरवी काही बदलत नाही आणि आपल्याला वाटतं, पत्ता पक्काच आहे.

लाइट गेल्यावर मात्र अनेक घरगुती राउटर कोणाला काय दिलं होतं ते विसरतात, कारण ती यादी तात्पुरत्या मेमरीत असते. लाइट आल्यावर राउटर दोन मिनिटांत तयार होतो. नॅसला डिस्क तपासून उठायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाहुण्याच्या फोनने पत्ता मागितला आणि राउटरने नेमका 37 देऊन टाकला, की नॅसला दुसरा घ्यावा लागतो. दरवेळी असं घडत नाही, म्हणून दोष शोधायला त्रास होतो. आठ दिवस गावी जाताना नॅस बंद करून गेलात तरी हेच होऊ शकतं, कारण लीज मधेच संपून गेलेली असते.

यावर बहुतेकांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने लिहून टाकणं. तो मला पटत नाही. राउटरला या ठरावाची खबरच नसते. नॅस बंद असताना तो हाच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. मग एकाच पत्त्यावर दोन उपकरणं, आणि कधी हे लागतं कधी ते. दुसरी अडचण इंटरनेट कंपनी बदलताना येते. जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते देत होता, नवा 192.168.29 ने देतो. हाताने लिहिलेला पत्ता घेऊन बसलेला नॅस त्या घरात दिसतच नाही. पत्ता मागून घेणारा नॅस निदान नव्या राउटरच्या यादीत तरी सापडतो.

म्हणून पत्ता राउटरमध्येच राखून ठेवावा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या भागात ‘Address Reservation’ किंवा ‘Static Lease’ अशा नावाने ही सोय असते. तिथे नॅसचा मॅक पत्ता लागतो: लॅन पोर्टला कारखान्यातच मिळालेली बारा अक्षरांची खूण, उदाहरणार्थ 00:11:32:4a:5b:6c. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ती दिसते. नॅसला दोन लॅन पोर्ट असतील तर खुणाही दोन असतात. वायर ज्या पोर्टला आहे त्याचीच घ्यायची. एरवी वायर एकातून काढून दुसऱ्यात घातली की राखीव पत्ता गेलाच.

आता आकडे ठरवू. राउटर 192.168.1.1 वर आहे. सर्वांना वाटायचे पत्ते 100 ते 199 ठेवले आणि नॅससाठी 192.168.1.20 राखला. काही राउटर वाटपाच्या टप्प्याबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत. मग टप्प्यातलाच, समजा 150, घ्यावा. राखून ठेवलेला पत्ता राउटर दुसऱ्याला देत नाही. नॅसमध्ये ‘पत्ता आपोआप घ्या’ हेच ठेवून तो रीस्टार्ट करायचा, म्हणजे लीज संपायची वाट पाहावी लागत नाही.

आकडा पक्का झाला, पण घरातल्या मंडळींनी तो पाठ का करावा? नावाला आकडा जोडून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती घरापुरतीही चालवता येते. काही राउटरमध्ये ही सोय असते. इंटरनेट कंपनीने दिलेल्या पेटीत ती बहुधा नसते. तेव्हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकता येतो. त्या पायलाही आधी राखीव पत्ता द्यायचा, समजा 192.168.1.10, आणि त्याच्या लोकल डीएनएसच्या यादीत एक नोंद करायची:

```
nas.home.arpa   192.168.1.20
```

शेवटी home.arpa का? घरगुती नेटवर्कसाठी हे नाव 2018 साली अधिकृतपणे राखून ठेवलं गेलं, त्यामुळे उद्या ते कुणाची वेबसाइट होणार नाही. बरेच जण `.local` लावतात, ते टाळावं. ते नाव उपकरणं सर्व्हरला न विचारता नेटवर्कवर आपापसांत हाक मारून शोधतात, आणि दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली की कुठे लागतं, कुठे लागत नाही.

मग राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून 192.168.1.10 भरायचं. शेजारी दुसऱ्या डीएनएसचा रकाना असतो. तिथे सावधगिरी म्हणून 8.8.8.8 लिहायचा मोह होतो, आणि बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. दुसरा सर्व्हर पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल अशी खात्री नसते. उपकरण दोघांपैकी कुणालाही विचारू शकतं. बाहेरच्या सर्व्हरला तुमचा नॅस ठाऊक नाही. तो ‘असं नाव नाही’ म्हणतो, आणि उपकरण हे पक्कं उत्तर मानून थांबतं, पायकडे जातच नाही. दुसरा रकाना रिकामा ठेवावा. त्याची किंमतही आहे: पाय बंद पडला की वेबसाइटची नावंही सापडत नाहीत आणि घरभर ‘नेट गेलं’ अशी ओरड होते. म्हणूनच पाय-होल नॅसवर चालवणं मला नको वाटतं; डिस्क बदलायला नॅस बंद केला की सगळ्या घराचं नेट अडणार.

उपकरणं पुन्हा वायफायला जोडली की नवा डीएनएस घेतात. तरीही नाव लागलं नाही तर लॅपटॉपवर या दोन ओळी चालवाव्यात:

```
nslookup nas.home.arpa
nslookup nas.home.arpa 192.168.1.10
```

दुसरी ओळ थेट पायला विचारते. दोन्हींना 192.168.1.20 उत्तर आलं तर नाव ठीक आहे, नॅस किंवा वायर पाहा. दुसरीलाही आलं नाही तर यादीतली नोंद चुकली किंवा पाय बंद आहे. दुसरीला आलं आणि पहिलीला नाही, तर लॅपटॉप भलत्यालाच विचारतोय. याची ठरलेली कारणं दोन. लॅपटॉपमध्ये कुणीतरी डीएनएस हाताने भरलेला असतो, किंवा राउटर आयपीव्ही6 वरून स्वतःचाच डीएनएस पुढे करत असतो. हे दुसरं कारण राउटरच्या आयपीव्ही6 च्या पानावरच दुरुस्त होतं, आणि काही पेट्यांत तो पर्यायच नसतो. दोन्ही ओळी बरोबर येऊन फक्त ब्राउझरच अडला, तर त्यातला ‘Secure DNS’ पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘Private DNS’ ला एखाद्या सर्व्हरचं नाव दिलेलं असेल तरी घरातली नोंद वाचली जात नाही.

हे जमलं की विंडोजमध्ये `\\nas.home.arpa\photos` आणि मॅकवर `smb://nas.home.arpa/photos` असं एकदाच जोडून द्यायचं. ब्राउझरमध्ये मात्र नुसतं `nas` टाइप केलं तर तो गुगलवर शोधायला जातो. पूर्ण नाव, आधी `http://` लावून द्यावं. राउटर कधी बदलला तर पत्ता राखण्याची आणि डीएनएसची नोंद नव्यात पुन्हा करावी लागेल. सुरुवातीचे आकडे बदलले असतील तर पायच्या यादीतली ती एक ओळही बदलावी लागेल. टीव्ही आणि लॅपटॉपवर दिलेली नावं आहेत तशीच राहतील.