बदामाचे उष्मांक

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर उष्मांकांचा जो आकडा छापलेला असतो तो त्या पदार्थातील ऊर्जा प्रत्यक्ष मोजून मिळालेला असावा, असा आपला सहज समज असतो. परंतु बहुधा तो निव्वळ गुणाकाराने काढलेला असतो. पदार्थातील प्रथिने, स्निग्धांश आणि कर्बोदके यांचे ग्रॅममधील वजन अनुक्रमे 4, 9 आणि 4 या अंकांनी गुणायचे, येणाऱ्या रकमांची बेरीज करायची, आणि ती वेष्टनावर नमूद करायची, एवढाच तो दस्तूर. हे तीन अंक ज्यांच्या परिश्रमांतून सिद्ध झाले ते विल्बर ॲटवॉटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात संशोधन करीत होते.

ॲटवॉटर यांचा विचार असा की, पदार्थ प्राणवायूत संपूर्ण जाळला असता जी उष्णता निघते ती सर्वच्या सर्व शरीराच्या खाती जमा होत नाही. काही भाग न पचता मलावाटे जातो, आणि प्रथिनांच्या बाबतीत तर पचलेल्या अंशातीलही काही ऊर्जा युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते, तेव्हा या दोन्ही वजावटी केल्यावाचून खरा आकडा हाती येणार नाही. एक ग्रॅम प्रथिन जाळल्यास सरासरीने 5.65 उष्मांक निघतात. त्यातून मूत्रावाटे जाणारे 1.25 वजा केले म्हणजे 4.40 उरतात, आणि खाल्लेल्या प्रथिनांपैकी शेकडा 92 भागच अंगी लागतो असे धरले की ही रक्कम 4.05, म्हणजे स्थूलमानाने 4, होते. स्निग्धांशाचे 9 आणि कर्बोदकांचे 4 हे अंकही अशाच वजावटीतून आलेले आहेत. हिशेबाची ही मांडणी मला अत्यंत सुंदर वाटते. मात्र हे शेकडेवारीचे प्रमाण मिश्र आहाराच्या सरासरीवर बसविलेले होते, ही गोष्ट दृष्टीआड करून चालत नाही. कारण सरासरी संपूर्ण आहाराला जितकी लागू पडते तितकी त्यातील एकेका जिनसेला पडेलच असे नाही.

बदामाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. 28 ग्रॅम बदामांत सुमारे 6 ग्रॅम प्रथिने, 14 ग्रॅम स्निग्धांश आणि 6 ग्रॅम कर्बोदके असतात. गुणाकार करता 24, 126 आणि 24, म्हणजे एकूण 174 उष्मांक होतात. अमेरिकी नियमाप्रमाणे 50 च्या पुढील आकडा जवळच्या दहाच्या पटीत मांडायचा असल्यामुळे वेष्टनावर 170 येतात. यातील कर्बोदकांचा आकडाही बहुधा थेट मोजलेला नसतो: पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख यांची वजने एकूण वजनातून वजा करून जे शिल्लक राहील ते कर्बोदकांच्या सदरी टाकण्याची वहिवाट आहे. त्या शिलकेत बदामाचा तंतुमय भागही येतो, आणि तो निम्म्याहून अधिक असतो. तंतूंतून शरीरास फारच थोडी ऊर्जा मिळते, म्हणून अनेक देशांत त्यांस ग्रॅममागे 4 ऐवजी 2 उष्मांक धरतात.

परंतु मोठी तफावत येते ती स्निग्धांशात. बदामाचे तेल सूक्ष्म पेशींत कोंडलेले असते आणि त्या पेशींच्या भिंती आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत. दातांखाली ज्या पेशी फुटतात त्यांतील तेल पचते, आणि ज्या अखंड राहतात त्यांतील बरेचसे तेल आतड्यांतून तसेच निघून जाते. अमेरिकी कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना बदामयुक्त आणि बदामरहित असा नियंत्रित आहार आळीपाळीने देऊन त्यांच्या मलमूत्रातील ऊर्जा मोजण्यात आली, तेव्हा 28 ग्रॅम बदामांतून शरीरास सरासरी अवघे 129 उष्मांक मिळाल्याचे आढळले. ॲटवॉटर यांच्या अंकांनी त्याच बदामांची रक्कम 168 ते 170 होत होती.

पुढे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने तर पेशीभित्तींचे हे कारण जवळजवळ निर्विवाद केले, असे मला वाटते. अख्खे कच्चे बदाम खाल्ले असता मिळणारी ऊर्जा हिशेबापेक्षा शेकडा 25 ने कमी भरली, अख्खे भाजलेले खाल्ले असता 19 ने, आणि भाजून तुकडे केलेले खाल्ले असता 17 ने; पण ज्यात बदामांचे लोण्यासारखे मऊ वाटण केले होते, म्हणजे बहुतांश पेशी आधीच फुटलेल्या होत्या, त्यात ही तूट दिसेनाशी झाली आणि जुना हिशेब जवळपास बरोबर ठरला. जिन्नस तोच, त्यातील घटकही तेच. पण प्रथिने, स्निग्धांश आणि कर्बोदके यांच्या वजनांवरून केलेल्या गुणाकाराला बदाम अख्खा आहे की वाटलेला, हे कळण्याचा मार्गच नसतो.