मराठी पुस्तकांसाठी ई-रीडर घ्यावा की टॅब्लेट?

आधी आपली पुस्तके कुठून येणार ते ठरवा, उपकरण त्यावरून निवडा.

किंडल आणि कोबोचा ई-इंक पडदा कागदासारखा दिसतो, उन्हातही स्पष्ट वाचता येतो आणि ही उपकरणे एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतात. कथा-कादंबऱ्या सलग वाचायला ती उत्तम. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकेही मिळतात. मात्र बुकगंगाचे अॅप किंडलवर चालत नाही. तिथली ई-पुस्तके वाचायची असतील तर टॅब्लेट किंवा अँड्रॉइडवर चालणारा बूक्ससारखा ई-इंक रीडर लागतो.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान म्हणजे चित्र असते. सहा इंची पडद्यावर ते आक्रसते आणि तिथे फॉन्ट मोठा करण्याची सोय उपयोगी पडत नाही. अशा वाचनासाठी दहा इंची टॅब्लेट बरा.

खरी परीक्षा जोडाक्षरांची. विकत घेण्यापूर्वी आपले एक मराठी ई-पुस्तक त्या उपकरणावर उघडून ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ आणि ‘क्षितिज’ हे शब्द पाहा. ‘दऱ्या’मधला अर्धा र आडव्या चंद्रकोरीसारखा दिसायला हवा, त्याचा रफार झाला तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतो. ‘क्षितिज’मधली पहिली वेलांटी ‘क्ष’च्या आधी न येता नंतर आली किंवा अक्षरांखाली सुटे हलन्त दिसले, तर त्या उपकरणाला देवनागरीची जुळणी जमत नाही. नुसता नवा फॉन्ट टाकून हा दोष बहुधा जात नाही.

मुख्यतः कादंबऱ्या वाचणाऱ्याने किंडल घ्यावा. पीडीएफ आणि अॅपवरची पुस्तके वाचणाऱ्याने टॅब्लेट.